ब्रँडला जाहीर कमेंटमधून कोलॅबबद्दल विचारायचं आहे, मजकूर सुधारायला मदत हवी

डावखुरी

मी डाव्या हातानं आणि फाउंटन पेननं लिहिते. आपण डावीकडून उजवीकडे लिहितो, त्यामुळे डावखुऱ्याचा तळहात नुकत्याच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरूनच पुढे सरकतो आणि शाई फरफटते. कोणती शाई कोणत्या कागदावर किती सेकंदांत सुकते हे मोजून दाखवणारे व्हिडिओ मी दीड वर्षापासून करते आहे. फॉलोअर ४,२०० आहेत.

वह्या बनवणाऱ्या एका कंपनीबरोबर काम करायची फार इच्छा आहे. त्यांच्या साइटवर फक्त तक्रारीचा फॉर्म आहे, मार्केटिंगचा पत्ता कुठेच नाही. डीएम केला होता, तो तीन आठवडे विनंत्यांमध्ये न वाचलेला पडून आहे. म्हणून त्यांच्या पोस्टखाली कमेंट करायचं ठरवलं आणि हे लिहिलं:

> नमस्कार टीम! मी तुमची खूप मोठी फॅन आहे. तुमच्या वह्या मला प्रचंड आवडतात. मी एक छोटी कंटेंट क्रिएटर आहे. माझे ४,२०० फॉलोअर आहेत आणि एका व्हिडिओला ३८ हजार व्ह्यूज आले होते. मला तुमच्यासोबत काम करायची एक संधी द्याल का? पैशांची अपेक्षा नाही, फक्त वह्या पाठवल्यात तरी चालेल. आधीही मेसेज केला होता पण उत्तर आलं नाही. प्लीज एकदा माझं प्रोफाइल बघा 🙏🙏

भावाला दाखवलं तर तो म्हणाला, "गयावया करते आहेस असं वाटतं." मलाही ते जाणवतंय, पण नेमकं कुठे बदलू ते कळत नाही. अजून पोस्ट केलेलं नाही.

टिपकागद

सोपं आहे. प्लीज, संधी, फॅन, हात जोडणं, सगळं काढा. राहील ते असं:

> डावखुऱ्यांसाठी शाई-कागदाच्या चाचण्यांचे व्हिडिओ करते. ४,२०० फॉलोअर, ३८ हजार व्ह्यूज. कोलॅबसाठी संपर्क करा.

दोन ओळी. ज्याला गरज असेल तो विचारेल. ब्रँडसमोर जितकं कमी बोलाल तितका भाव राहतो.

पडद्यामागे

टिपकागद, काढायला सांगितलेले शब्द बरोबर आहेत. पण त्यांच्या जागी काहीच आलं नाही, त्यामुळे हे व्हिजिटिंग कार्ड झालं. हीच कमेंट पेनाच्या, शाईच्या, कंपासपेटीच्या कुठल्याही कंपनीखाली टाकता येईल. आणि "संपर्क करा" म्हणजे पुढचं काम आपण त्यांच्यावर टाकतो.

मी चार वर्षं एका एजन्सीत ब्रँडची सोशल खाती सांभाळत होतो, तिथे काय होतं ते सांगतो. कमेंट वाचणारा माणूस मार्केटिंगचा नसतो. त्याच्यासमोर एक रांग असते: ऑर्डर आली नाही, रंग चुकला, छान आहे, किंमत काय. त्यातच ही कमेंट येते. कोलॅब द्यायचा अधिकार त्याला नसतो. त्याच्या हातात दोनच गोष्टी असतात. "आम्हाला डीएम करा" हे तयार उत्तर चिकटवायचं, किंवा ती कमेंट उचलून आत कोणाला तरी पाठवायची. आत पाठवताना तो बहुतेक एकच वाक्य उचलतो आणि वर लिहितो, "हे बघा, बरं वाटतंय."

म्हणजे आपल्याला ते उचलण्याजोगं एक वाक्य लिहायचं आहे. डावखुरीताई, तुमच्या कमेंटमध्ये तो कुठलं वाक्य उचलेल? "वह्या मला प्रचंड आवडतात"? त्यानं वरिष्ठांना काहीच कळत नाही. तुम्ही जे खरोखर करता, म्हणजे सेकंद मोजता, ते तर कमेंटमध्ये कुठेच आलेलं नाही.

दुसरी गोष्ट. जाहीर ठिकाणी "काम द्याल का" असं विचारलं की त्या माणसाला सगळ्यांदेखत हो किंवा नाही म्हणायची वेळ येते. हो म्हणायचा अधिकार नाही आणि नाही म्हटलं तर वाईट दिसतं, म्हणून तो गप्प बसतो. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर त्याला स्वतःला, तिथेच, कोणाला न विचारता देता येईल. "याबद्दल कोणाला लिहावं?" हा तसा प्रश्न आहे.

नवउद्योजक

माझाही हाच प्रश्न आहे. माझा हाताने बनवलेल्या मेणबत्त्यांचा व्यवसाय आहे आणि इन्फ्लुएन्सर लोकांना मेसेज केला तर कोणी उत्तर देत नाही. मोठ्या खात्यांना आधी मोफत सेट पाठवून बघावं का?

डावखुरी

नवउद्योजक, तुमची बाजू उलटी आहे ना, तुम्ही ब्रँड आहात. वेगळा धागा काढाल का? मला त्यातही वाचायला आवडेल, कारण तुमच्यासारख्यांना काय बघून उत्तर द्यावंसं वाटतं ते कळेल.

नवउद्योजक

हो, घाईत वाचलं. वेगळा काढतो. पण विचारलंच आहे तर सांगतो. मलाही असे मेसेज येतात. जिनं लिहिलं होतं की तुमची मोठी मेणबत्ती मध्येच खोल जळते आणि कडेचं मेण तसंच राहतं, पहिल्यांदा किती वेळ जळू द्यावी याचा व्हिडिओ करू का, तिला मी त्याच दिवशी फोन केला. बाकीचे "लव्ह युवर प्रॉडक्ट्स" वाले मला आठवतही नाहीत.

सूरसाधक

यावर माझा अनुभव वेगळा आहे. मी बासरी शिकवतो, ऑनलाइन वर्ग घेतो. एका माइक बनवणाऱ्या कंपनीच्या पोस्टखाली मी लिहिलं होतं की तुमच्या अमुक माइकवर फुंकेचा आवाज फार येतो, वादकांसाठी तो कसा लावावा याची मालिका मी करून देऊ शकतो. मला वाटलं, नेमका मुद्दा मांडला. दहा मिनिटांत उत्तर आलं: "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, तक्रार क्रमांक अमुक." शिवाय खाली तिघांनी लिहिलं की आमच्याही माइकमध्ये हाच दोष आहे. ती पोस्ट नव्या मॉडेलची होती. मला त्या लोकांचं वाईट वाटलं, आणि अर्थात मालिका कधीच झाली नाही. तेव्हा "नेमकं लिहा" हे जपून.

पडद्यामागे

सूरसाधक, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. रांगेत कमेंट आली की आधी तिच्यावर शिक्का बसतो: तक्रार, कौतुक की चौकशी. "फुंकेचा आवाज येतो" वाचलं की तक्रारीचा शिक्का बसला, पुढचं वाक्य कोणी वाचलंच नसेल. नवउद्योजकांना तसाच मुद्दा चालला, कारण तो खासगीत आला होता आणि वाचणारा स्वतः मालक होता. उणीव सांगायचीच असेल तर खासगीत, तीही कोणी विचारल्यावर. उघड्यावर आपण काय केलं आणि काय आढळलं तेवढंच.

डावखुरी

सगळ्यांचं वाचून पुन्हा लिहिलं. मला हे आधीपेक्षा बरं वाटतंय:

> नमस्कार! मी डावखुरी आहे आणि फाउंटन पेनची शाई किती वेळात सुकते याच्या चाचण्या करते. तुमच्या १०० जीएसएमच्या वहीवर मी स्वतःच्या पैशांनी, मिडियम निबनं चार शाया तपासल्या. त्यांपैकी तीन २० सेकंदांच्या आत सुकल्या, एक मात्र ३० सेकंदांनंतरही फरफटत होती. माझ्या व्हिडिओला ३८ हजार व्ह्यूज आले आहेत आणि अनेकांनी कमेंटमध्ये तुमच्या इतर वह्यांबद्दल विचारलं आहे. तुमच्या बाकीच्या वह्यांवरही असे व्हिडिओ करायला आवडेल. मोबदल्याबद्दल मी लवचिक आहे. याबद्दल कोणाला लिहावं, कृपया कळवाल का?

पडद्यामागे

खूपच बरं. आता एकेक वाक्य धरू.

३८ हजारवाला व्हिडिओ त्यांच्याच वहीचा होता का? आणि एरवी किती येतात?

डावखुरी

नाही, तो पेन धुण्याबद्दल होता, कसा कोण जाणे पसरला. एरवी ९०० ते १,१०० येतात. वहीच्या व्हिडिओला १,०४० आले.

टिपकागद

३८ हजार खरा आकडा आहे, खोटं थोडंच लिहितोय? मोठा आकडा असेल तर तोच पुढे करायचा, सगळेच करतात.

पडद्यामागे

खरा आहे, पण ताईंच्या वाक्यात तो वहीच्या व्हिडिओचा आहे असं वाचलं जातं. आत कोणी दुवा उघडला की १,०४० दिसणार, आणि त्यानंतर सेकंदांच्या आकड्यांवरही कोणाचा विश्वास बसणार नाही. जिचं सगळं काम मोजमापावर उभं आहे तिला हे परवडत नाही. आकडे मेलमध्ये द्यावेत, आणि द्यायचे तर शेवटच्या दहा व्हिडिओंचे ओळीनं. एकदम उसळलेला असेल तर तोही ठेवा, पण तो वेगळा असल्याचं सांगा.

कमेंटमध्ये व्ह्यूजपेक्षा भारी गोष्ट तुमच्याकडे आहे. "अनेकांनी विचारलं" म्हणजे किती जणांनी?

डावखुरी

आत्ता मोजले. १७ जण. त्यातले ११ जण एकच विचारतायत, की ८० जीएसएमची स्वस्त वही चालेल का आणि १२० ची घ्यावी का.

पडद्यामागे

मग "१७ जणांनी" हेच वाक्य आत जाणार. १७ हा छोटा आकडा आहे, पण ही त्यांच्याच मालाबद्दल खरेदीआधी विचारणारी माणसं आहेत आणि व्हिडिओखाली जाऊन मोजता येतात.

जुनं_खोडरबर

एक शंका विचारते. ८० ची आणि १२० ची वही दुकानातून आणून तू स्वतःच व्हिडिओ करू शकतेस, आत्ता १०० ची केलास तसा. मग कंपनी हवी कशाला? रागावू नकोस, पण हे मला पहिल्या मसुद्यापासून खटकतंय. कंपनीशिवायही होणारं काम कंपनीकडे मागितलं की त्याला मागणंच म्हणतात.

डावखुरी

आजी, रागावले नाही, पण रात्रभर हाच प्रश्न डोक्यात होता.

एक गोष्ट आहे जी मला एकटीला जमत नाही. चकचकीत, घट्ट कागदावर शाई वर राहते, फुटत नाही, पण उशिरा सुकते. शोषून घेणाऱ्या कागदावर लवकर सुकते, पण अक्षराच्या कडा फुटतात आणि मागच्या बाजूला उतरते. डावखुऱ्याला या दोन्हींतलं मधलं काहीतरी हवं असतं. ते फक्त जीएसएमवरून कळत नाही, कारण जीएसएम हे वजन आहे, कागदाला वरून काय लावलंय ते त्यातून समजत नाही. शिवाय दुकानातल्या तीन वह्या वेगवेगळ्या वेळी बनलेल्या असू शकतात, मग फरक कागदाचा की खेपेचा ते ठरवता येत नाही. तिन्ही कागदांचे अलीकडच्या एकाच सुमाराला बनलेले सुटे ताव मिळाले, तर एकाच दिवशी, एकाच पेननं, एकाच हवेत एक नीट तक्ता करता येईल. ते ताव फक्त कंपनीच देऊ शकते.

जुनं_खोडरबर

बघ, हे आधी सांगायला हवं होतंस. आता यात मागणं राहिलं नाही. तुला जे हवंय ते त्यांच्याकडेच आहे, आणि तू जे करणार ते त्यांच्या गिऱ्हाइकांना हवंय.

पडद्यामागे

आजींनी धाग्याचं कामच केलं. ही ओळ मला सुचली नव्हती.

उरलेलं पटकन. "एक मात्र ३० सेकंदांनंतरही फरफटत होती" हे सूरसाधकांच्या फुंकेच्या आवाजासारखं होईल, कमेंटमधून काढा. व्हिडिओत आहेच, लपवाछपवी नाही. "मोबदल्याबद्दल मी लवचिक आहे" काढा, कारण कोणी विचारलेलंच नाही आणि सगळ्यांदेखत आपली किंमत आपणच खाली करतो. पहिल्या मसुद्यातलं "फक्त वह्या पाठवल्यात तरी चालेल" याच जातीचं होतं. ते मेलवरचं बोलणं.

टिपकागद

पैशांचं नाव न काढणं हेही फसवंच ना? ते ताव पाठवतील, आणि मग ही बिल पाठवणार?

पडद्यामागे

मेलमध्ये पहिल्याच वेळी लिहायचं: ताव आणि एक तक्ता-व्हिडिओ विनामोबदला, निष्कर्ष काहीही निघाले तरी माझे, आणि ताव कंपनीनं दिले हे व्हिडिओत सांगणार. त्यांना आधी बघून मंजुरी हवी असेल किंवा त्यांच्या खात्यावर वापरायचा असेल, तर ते सशुल्क काम आणि त्याचा दर वेगळा. दोन्ही कागदावर वेगळं असलं की गैरसमज होत नाही. पण हे सगळं कमेंटमध्ये मावत नाही आणि मावू नये.

सूरसाधक

मंजुरीला देऊन पैसे घेतले तर मग ती चाचणी राहते का? ज्यांनी तिच्या सेकंदांवर विश्वास ठेवला त्यांचं काय?

पडद्यामागे

मी एजन्सीच्या बाजूनं बोलतोय, तिथे हे सर्रास चालतं. तुमचा आक्षेप खोडायला माझ्याकडे उत्तर नाही. मी तिच्या जागी असतो तर चाचणीचे व्हिडिओ कधीच मंजुरीला दिले नसते, वह्यांच्या वापराबद्दलचे वेगळे केले असते. पण हे तिनं ठरवावं.

डावखुरी

चाचणी मंजुरीला देणार नाही, हे माझं पक्कं. "स्वतःच्या पैशांनी" ठेवू की काढू?

टिपकागद

ठेवा. त्यानं स्वाभिमान दिसतो.

जुनं_खोडरबर

काढ. "मी विकत घेतली" असं उगाच सांगितलं की पुढच्या वेळी फुकट द्या असं ऐकू येतं.

पडद्यामागे

मला दोन्ही पटतंय. एखादा शब्द ठेवला तरी चालेल, अख्खा वाक्यांश नको.

डावखुरी

हा शेवटचा मसुदा. "विकत घेतलेल्या" एवढाच शब्द ठेवला, आजींची माफी मागून.

> नमस्कार. विकत घेतलेल्या तुमच्या १०० जीएसएम वहीवर मी चार फाउंटन पेन शायांची सुकण्याची वेळ मोजली, खास डावखुऱ्यांसाठी. तीन शाया २० सेकंदांच्या आत सुकल्या. त्या व्हिडिओखाली १७ जणांनी तुमच्या इतर वह्यांबद्दल विचारलं आहे, त्यातल्या ११ जणांनी ८० आणि १२० जीएसएमबद्दल. तिन्ही कागदांचा एकत्र तक्ता करायचा आहे आणि त्यासाठी तुमच्याकडचे सुटे ताव लागतील. याबद्दल कोणाला लिहावं?

आधीच्या डीएमचा उल्लेख काढला. दुवा टाकला नाही, कारण त्यांच्या पोस्टखाली तो दाबता येत नाही आणि नुसता अक्षरांचा गुंता दिसतो. त्याऐवजी तो व्हिडिओ प्रोफाइलवर सगळ्यात वर पिन केलाय.

पडद्यामागे

छान. आता जागा. त्यांच्या कुठल्या पोस्टखाली टाकणार?

डावखुरी

काल त्यांनी एका चित्रकार मुलीबरोबरची पोस्ट टाकली आहे, तिच्यावर खूप गर्दी आहे. तिथे?

पडद्यामागे

तिथे नको. तो त्या मुलीचा दिवस आहे. तिच्या कामाखाली आपली पाटी लावली की ती दुखावते आणि रांग बघणाऱ्यालाही ते खटकतं. ज्या पोस्टखाली लोक ऑर्डर न मिळाल्याचं लिहितायत तिथेही नको. कागदाबद्दलची, थोडी शांत पोस्ट शोधा. कमेंट एकदाच टाका, मैत्रिणींना "सपोर्ट करा" म्हणून खाली बोलावू नका. दहा दिवस उत्तर नाही आलं तर जुन्या डीएमखाली हाच मजकूर एकदा टाका आणि थांबा. कमेंटखाली "कृपया उत्तर द्या" लिहायला परत जायचं नाही.

सूरसाधक

उत्तर आलं नाही तर कमेंट काढून टाकावी का? माझी मी काढली होती, पण त्याखाली लिहिणाऱ्या तिघांचंही मग गायब झालं आणि त्यातला एक मला विचारत आला.

पडद्यामागे

या मसुद्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मी ठेवली असती. पण असं ठरलेलं काही नाही.

डावखुरी

नऊ दिवसांनी लिहितेय. त्यांच्या बांधणीच्या व्हिडिओखाली कमेंट टाकली होती. सहाव्या दिवशी उत्तर आलं, एक मेल पत्ता आणि "विषयात कागद चाचणी लिहा" एवढंच. त्याच संध्याकाळी मेल केला: शेवटच्या दहा व्हिडिओंचे व्ह्यूज, ३८ हजारवाला वेगळा दाखवून, १७ प्रश्नांचे स्क्रीनशॉट, तावांची संख्या (प्रत्येकी दहा) आणि पडद्यामागे यांनी सांगितलेल्या दोन बाजू वेगवेगळ्या परिच्छेदांत. चौथ्या शाईचं फरफटणं मेलमध्ये स्पष्ट लिहिलं.

आज उत्तर आलं. ८० आणि १०० चे ताव पाठवतायत. १२० चा कागद बदलायचं चाललंय, त्यामुळे तो आत्ता देता येणार नाही. सशुल्क कामाबद्दल एक शब्द नाही.

आता माझ्यापुढे प्रश्न आहे की दोनच कागदांचा तक्ता आत्ता करू की नव्या १२० साठी थांबू. विचारणाऱ्या ११ जणांना १२० बद्दलही उत्तर हवं होतं.

जुनं_खोडरबर

दोनाचा कर. १२० चा रकाना रिकामा ठेव आणि कागद बदलतोय हे सांगायची परवानगी त्यांना आधी विचार, ते त्यांनी तुला खासगीत सांगितलंय.